सात नंबरचं कुलूप

रंगराव वायरमनला डाळ मिलमध्ये कुणी घाबरट म्हणायचं, कुणी ‘थांबेभाऊ’. काम कुठलंही असो, त्याचा पहिला शब्द ‘थांबा’. नुसता बल्ब बदलायचा असला तरी आधी बटण बंद करणार, मग टेस्टर लावणार, मग पुन्हा एकदा टेस्टर लावणार. तोवर बल्ब मागणाऱ्याची चहाची सुट्टी संपून जायची.

या सवयीमागे एक उन्हाळा होता. ऐन पंचविशीत, केनवडच्या शिवारात, विजेच्या डीपीवर फ्यूज काढून तो खाली मोटारीची वायर जोडत बसला होता. शेजारच्या वावरातल्या माणसाने फ्यूज परत बसवला. माणूस वाईट नव्हता. ‘वाटलं, तुझं झालं असंन’ एवढंच त्याचं म्हणणं. रंगराव वाचला, पण उजव्या तळहाताची कातडी कायमची आवळली. तेव्हापासून ‘वाटलं’ या शब्दाशी त्याचं वैर जडलं.

म्हणून मॅनेजर भागवत साहेबांनी गुरुवारी फाटकावर सूचना लावली, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद रंगरावला झाला. रविवारी सकाळी आठ ते साडेचार मिल बंद. ट्रान्सफॉर्मर, पॅनेल आणि अर्थिंगची तपासणी. त्याच वेळी यंत्रांखालच्या खड्ड्यांची सफाई. चप्पल घालून आत यायचं नाही, कंपनीचे बूट घालायचे. जनरेटर चुकून सुरू होऊ नये म्हणून त्याच्या बॅटरीची वायर काढून ठेवायची. आणि खाली ठळक अक्षरांत: ‘मेन स्विचला कुलूप लागेल. त्याची किल्ली लाल पेटीत राहील. कामावरच्या प्रत्येकाने त्या पेटीला आपलं कुलूप लावावं. ज्याचं कुलूप, त्यानेच काढावं. आपली किल्ली कुणालाही देऊ नये.’

सफाईच्या बायकांपैकी निम्म्यांना वाचता येत नव्हतं. रंगरावने त्यांना पेटीजवळ उभं करून समजावलं. “हे पाहा, तुमचं कुलूप इथं लटकून हाय, तोवर लाइन येत नाई. मी म्हटलं तरी नाई, सायेब म्हणले तरी नाई. किल्ली तुमच्याजवळ, म्हणजे जीव तुमच्याजवळ. कोनालेई द्याची नाई.”

आसेगावकडच्या तांड्यावरची हिरीबाई सगळ्यांत पुढे होती. तिने सात नंबरचं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

रविवारचं काम झकास झालं. बायकांनी डाळ वर चढवणाऱ्या एलेव्हेटरखालच्या खड्ड्यातून वर्षभराची भुकटी काढली. खड्ड्याच्या तोंडाशी एक जण सतत उभी, आतलीशी बोलत. रंगरावने पॅनेलच्या ढिल्या जोडण्या आवळल्या. सव्वाचारला दोन ऑटो आले, मुकादम सोमलाने हाकाटी केली आणि बायका निघाल्या. फाटकावरच्या वहीत ‘सफाई, सात, बाहेर’ अशी नोंद झाली. सोमलाने सांगितली, पहारेकऱ्याने लिहिली.

साडेचारला रंगराव लाल पेटीशी आला. सगळी कुलपं निघाली होती, सात नंबरचं तेवढं लटकत होतं.

“गेली असेल विसरून,” भागवत साहेब म्हणाले. “वहीत सात बाहेर आहेत. कापा ते. सकाळी दोन गाड्या डाळ भरून जायचीय.”

“थांबा सायेब. सोमलाले फोन लावतो.”

सोमला दुसऱ्या ऑटोतून जाऊन आपल्या गावी उतरलाही होता. “माह्या ऑटोत तं नव्हती,” तो म्हणाला. “पहिल्या ऑटोत असंन. मले तसंच वाटलं.”

पहिल्या ऑटोवाल्याचा नंबर कुणाकडेच नव्हता. हिरीबाईच्या घरचा एकुलता फोन तिचा नवरा धरमसिंग बाळगायचा, तो लागत नव्हता. रंगराव टॉर्च घेऊन शोधायला निघाला, साहेबही मागोमाग आले. खड्डा पाहिला. चाळणीमागची जागा, धुळीची खोली, गोदाम, संडास, सगळं पाहिलं, हाका मारल्या. एवढ्या मोठ्या मिलमध्ये माणूस भोवळ येऊन कुठे पडला, तर दिसायला दोन दिवस लागतील. मग मिलच्या दाराशी, बायकांनी सकाळी बूट चढवले तिथे, त्यांना बायकी चपलांचा एक जोड दिसला. निळ्या पट्ट्यांचा, एक पट्टा तारेने बांधलेला.

साहेबांचा चेहरा उतरला. चपला इथे, तर बाई कुठे?

“सगळीकडे तर पाहिलं आपण,” ते हळूच म्हणाले. “नाहीये ती आत, रंगराव.”

“दिसली नाई, एवढंच. तुमीच लिहिलं ना सायेब, ज्याचं कुलूप त्यानंच काढावं? मी तिले डोळ्यानं पाहीन, मंग बोला. नाई तं दुसरा वायरमन पाहा.”

बोलून तर गेला, मग घर आठवलं. दोन वर्षांनी पोरीचं लग्न काढायचं होतं आणि या वयात दुसरीकडे नोकरी कोण देणार? साहेबांनी खिशातून स्वतःच्या मोटारसायकलची चावी काढून दिली. “जा. तोवर मी इथून हलत नाही, कुणाला हात लावू देत नाही.”

बारा किलोमीटर रंगरावने कसे कापले ते त्याचं त्याला ठाऊक. वाटेत त्याने आठवेल त्या देवाला साकडं घातलं, तांड्यापाशी पोचल्यावर बंजाऱ्यांच्या सेवालाल महाराजांनाही. हिरीबाईचं घर विचारत वळला, तर अंगणात चुलीपुढे ती भाकरी थापत बसली होती. पायांत कंपनीचे काळे बूट.

रंगरावला रडू आलं आणि हसूही. तो गाडीवरून उतरलाच नाही, नुसता बघत राहिला. जिवंत बाई भाकरी थापताना इतकी सुंदर दिसते, हे त्याला बावन्नाव्या वर्षी कळलं.

“काहून आले रंगरावभाऊ?” ती घाबरून उभी राहिली. “बुटासाठी? उद्या आणूनच देणार होती. घाईत चपला राह्यल्या.”

“बूट राहू दे बाई. कुलूप काढलं नाई तुनं. सारी मिल बंद पडून हाय.”

“काढाचं होतं? तुमी लावाचं सांगलं. किल्ली जपून ठेवली मी.” तिने पदराची गाठ दाखवली.

चूक आपलीच, हे रंगरावला चटकन कळलं. लावायचं कसं ते त्याने तीनदा सांगितलं होतं, काढायचं केव्हा ते एकदाही नाही. बाकीच्यांनी एकमेकींचं पाहून काढली असतील. “बरं, दे इकडं,” त्याने हात पुढे केला. “मी काढतो जाऊन.”

हिरीबाईने पदर मागे ओढला. “तुमीच तं म्हणले, कोनालेई द्याची नाई.”

आपलेच दात, आपलेच ओठ. “मंग चाल, तूच काढ,” रंगराव म्हणाला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, पीठ झाकलं, शेजारणीला सांगितलं आणि गाडीवर बसली.

दिवेलागणीला ते पोचले तेव्हा साहेब खरंच पेटीजवळ स्टूल टाकून बसलेले होते. बाईला पाहून ते उठले आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग जरा रागावल्यासारखं केलं. “अहो, निदान रंगरावजवळ तरी द्यायची किल्ली.”

“अन् मी खरंच आत असती तं?” हिरीबाईने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, शंका होती.

साहेबांनी फाटकावरचा सूचनेचा कागद मागवला आणि खाली पेनाने आणखी एक ओळ लिहिली: ‘काम संपल्यावर, सगळ्यांसमोर, आपलं कुलूप काढूनच फाटकाबाहेर जावं.’ रंगरावने ती हिरीबाईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने गाठ सोडली, सात नंबरचं कुलूप काढलं आणि दोन पावलं मागे सरून उभी राहिली.

“करा आता चालू,” ती म्हणाली. “मी भाईर हाव.”