एकाच पत्त्यावर अकरा पत्रं

बारावीच्या हजेरीची पत्रं पालकांना ईमेलने पाठवायची ठरली आणि जळगावच्या आमच्या कन्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या ऑफिसात ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं. प्राचार्य म्हणाले, "व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, मुलींना चारचौघांत खाली बघावं लागतं. प्रत्येकाला नावानं पत्र गेलं पाहिजे." पटलं मला. पण दीडशे पत्रं एकेक करून टाइप करायला मी काय रिकामी बसले होते? म्हटलं, मेल मर्ज करू.

पत्र वर्डमध्ये एकदाच लिहिलं. पालकाचं नाव, मुलीचं नाव आणि हजेरीचे टक्के एवढ्या जागा एक्सेलच्या यादीतल्या रकान्यांना जोडल्या. प्रिव्ह्यू पाहिला तर एकसष्ट टक्क्यांच्या जागी 0.61! एक्सेल नुसतं दाखवताना टक्के दाखवतं, वर्ड मात्र आतला मूळ आकडा उचलतं. मग शेजारी नवा रकाना काढला, शंभरने गुणून पूर्ण आकडे केले आणि पत्र त्याला जोडलं. पंचाहत्तरपेक्षा कमी असलेल्यांच्याच पत्रात एक जादा वाक्य यावं, अशी अटही घातली: शनिवारी दुपारी बारापर्यंत कारणाचे कागद घेऊन स्वतः यावे, अन्यथा परीक्षेचा अर्ज पुढे पाठवला जाणार नाही. शेवटी ईमेलचा रकाना निवडला, विषय लिहिला, बटण दाबलं. दीडशे पत्रं एकामागून एक निघून गेली. खोटं कशाला बोलू, मी स्वतःवर फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, उत्तर आलं. "मॅडम, मला एकटीला अकरा पत्रं आली. मी अकरा पोरींची माय नाही. तरी सगळ्यांना सांगते."

धरणगावला आपल्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका अक्कांचा तो ईमेल होता. माझं डोकंच फिरलं. यादीत पत्ते पाहिले, तर अकरा ओळींत तोच ईमेल आणि फोन नंबरही तोच. लावला फोन.

"अक्का, लोकांच्या फॉर्मवर स्वतःचा ईमेल कशाला टाकता हो?"

"मग काय टाकू? त्या लोकांकडे ईमेल शे का? आणि रकाना रिकामा ठेवला तर तुमचा फॉर्म पुढेच सरकत नाही."

पाठवण्याआधी सारखे पत्ते शोधणं माझं काम होतं. दोन मिनिटं लागली असती. मी वरमले.

अकरांपैकी पाच पत्रांत शनिवारचं वाक्य होतं. अक्कांनी ती छापली, घरोघरी नेऊन वाचून दाखवली. शुक्रवारपर्यंत चार पालक येऊन गेले. राहिली ती एकसष्ट टक्केवाली. प्राचार्यांना मी दोनदा विचारलं, "सोमवार चालेल का?" ते म्हणाले, "मॅडम, कमी हजेरी माफ करण्याचा प्रस्ताव बोर्डाकडे शनिवारीच जायचा आहे." वर्गशिक्षक म्हणाले, "पोरगी हुशार आहे, पण दांड्या फार मारते." मीही मान डोलावली. आज त्याची लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी अक्कांचा फोन आला. "त्या घराला कुलूप शे. शेजारीण सांगते, पोरीची माय धुळ्याला दवाखान्यात आहे. मी पत्र घेऊन निघाले, एसटीत बसलेय."

"आणि दुकान?"

"दुकान कुठे पळून जातंय का?"

शनिवारी पावणेबाराला पोरीचे वडील आले. धुळ्याहून थेट, सदरा चुरगळलेला, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी आणि वर घडी घातलेलं माझं पत्र. मी कागद घेतले, तारखा जुळवल्या. पोरीच्या गैरहजेरीचा एकेक दिवस त्यात होता.

"भाऊ, आधी कळवायचं ना," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच.

त्यांनी पत्र उलगडून माझ्यापुढे ठेवलं. "मॅडम, यात माझं नाव शे, पोरीचं नाव शे, एकसष्ट पण शे. पण ती का येत नाही, हे कोणीच विचारलं नाही. माझी ट्रकवर ड्यूटी, घरात दुसरं बाईमाणूस नाही. तिथल्या सिस्टर तिला नावानं ओळखतात. दवाखान्यात तिची हजेरी शंभर टक्के शे."

मी उठून त्यांना पाणी दिलं आणि कागद स्वतः प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले. बाराच्या आत सही झाली.

बोर्डाची मंजुरी आली त्या दिवशी मी यादी उघडलीच नाही. वडिलांच्या नावे पत्र हाताने टाइप केलं: आपली मुलगी परीक्षेला बसणार आहे. तिच्या आईची तब्येत आता कशी आहे? पाठवलं अक्कांच्याच पत्त्यावर.

संध्याकाळी उत्तर आलं. "वाचून दाखवलं. पोरीने दुसरी ओळ परत वाचायला लावली."