एका पौंडाची उडी

आठवडी बाजारात कटपीस विकत मी मोठा झालो. घासाघीस करणाऱ्याचा मला राग येत नाही. चोर म्हणणाऱ्याचा येतो.

नांदुऱ्यात आम्ही गोधड्या शिवून घेतो आणि आमच्याच वेबसाइटवर विकतो. भाव मी रुपयात ठरवतो. डॉलर, पौंड, युरोचे भाव यंत्रणा काढते. रोज सकाळी ती नवा दर घेते आणि वर तीन टक्के चढवते, कारण गिऱ्हाइकाचे पैसे आमच्या खात्यात येईपर्यंत दर कुठेही जाऊ शकतो. शेवटी आकडा पुढच्या नव्याण्णव पेन्सवर नेऊन ठेवते. हे सगळं मीच निवडलं होतं.

लंडनहून आमच्याच भागातल्या, मोताळ्याकडच्या एक ताई तिथल्या मराठी मंडळासाठी वीस गोधड्या घेणार होत्या. पौंडातली ती आमची पहिली मोठी ऑर्डर. संध्याकाळी त्यांनी भाव पाहिला, छत्तीस पौंड नव्याण्णव. दुसऱ्या दिवशी पैसे भरायला बसल्या, तर सदतीस नव्याण्णव!

लगेच फोन. "काऊन भाऊ, वीस नग पाहून भाव वाढवला का? आपल्याच मानसाले लुटून राह्यले?"

"ताई, मी हातबी लावला नाही!"

"मंग काय भुतानं वाढवला?"

भूत कसलं! पौंड किंचित घसरला होता, म्हणून तेवढ्याच रुपयांना जास्त पौंड लागत होते. हिशेबाचा भाव छत्तीस सत्त्याण्णववरून सदतीस शून्य चारवर गेला. सात पेन्सचा फरक, पण पुढचा नव्याण्णव गाठताना अख्ख्या पौंडाची उडी. मी समजावलं. त्या म्हणाल्या, "हे तुमचं गनित तुमच्यापाशी ठेवा. भाव ठरला की सांगा," आणि फोन ठेवला.

मी इतका ओरडलो की शिवणाऱ्या बायांनी मशिनी थांबवल्या. ऑर्डर गेली तर जाऊ दे म्हणालो. हिशेब सांभाळणारी माझी बायको मात्र शांत. "अवो, तिले पौंडाचा राग नाही. भाव हलला, त्याचा राग आहे. आठवड्यातून एकदाच दर घ्या."

"आणि मधेच पौंड आपटला तर? कोण भरणार?"

"मंग तीनाचे पाच टक्के धरा."

बरोबर होतं. दर जितके दिवस शिळा, तितकी वर चढवलेल्या टक्क्यांची गादी जाड हवी. मी दोन्ही बदललं. पाच टक्क्यांनी हिशेब सदतीस शहात्तरवर गेला, आणि पाटीवर आला तोच भाव, सदतीस नव्याण्णव! ताईंना कळवलं: सोमवारपर्यंत हाच राहील.

त्यांनी दोन दिवस रोज पाहिला. हलला नाही. वीसच्या वीस गोधड्यांचे पैसे भरले आणि वर फोन केला, "पाहा, बोललं तवा तुमी ऐकलं. असा सरळ भाव पाह्यजे."

सरळ! आधी आम्ही कमीच चढवत होतो, तेव्हा लुटारू. आता जास्त चढवतो, तर सरळ. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि ताईंना पार्सलचा पत्ता विचारला.