उसाच्या नोंदीसारखा प्रवेश क्रमांक

सणसरच्या शाळेतले क्लार्क जोतीराम यांना पत्र लिहायचा भारी नाद. गावात त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, पण त्यांचं लिहिलेलं कुणी वाचत नसे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' दिसलं की पालक कागद घडी करून खिशात घालत, आणि पुढं त्या खिशाचं काय होई ते धुणं धुणारीलाच ठाऊक. माणूस सरळ. हाताला काही चिकटणार नाही, वेळेच्या आधी ऑफिस उघडणार. पण आपलं पत्र कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे दुखणं त्यांनी वीसेक वर्षं मनात बाळगलं होतं. बायको कौसल्या म्हणायची, "तुमी थोडक्यात लिवा की." थोडक्यात लिहिणं म्हणजे भाऊसाहेबांना अर्ध्या ताटावरून उठल्यासारखं वाटे.

यंदा संस्थेनं प्रवेश क्रमांकाची पद्धत बदलली. संस्थेच्या शाखा तीन: सणसर, माळेगाव आणि डाळज. तिन्हीकडं रजिस्टरात एकपासून नंबर, त्यामुळं एकाच नंबराची तीन तीन पोरं. वह्या होत्या तोवर चाललं. तिन्ही शाखा एका कॉम्प्युटरात घातल्या आणि घोळ सुरू झाला. माळेगावचा पोरगा गैरहजर राहिला की निरोप सणसरच्या बापाला जायचा. एका बापानं तर वर्गात बसून आलेल्या पोराला गैरहजेरीबद्दल बडवून काढलं, आणि खरं कळल्यावर म्हणाला, असू दे, पुढच्या येळंला उपयोगी पडंल.

म्हणून नवा क्रमांक. आधी शाखेची अक्षरं, सणसरला एसएन. मग पोरगं ज्या शैक्षणिक वर्षात शाळेत आलं त्या वर्षाचे दोन आकडे. शेवटी रजिस्टरातला जुनाच नंबर. २०२२च्या जूनमध्ये आलेल्या १८४६ नंबरच्या पोराचा क्रमांक झाला एसएन-२२-१८४६. पोरगं पुढच्या जानेवारीत आलं असलं तरी बावीसच, कारण शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं. इयत्ता बदलली, तुकडी बदलली, तरी शाळा सोडेपर्यंत हा आकडा हलत नाही. एवढी साधी गोष्ट.

मुख्याध्यापिका राजलक्ष्मी मॅडम बारामतीहून येत. त्यांनी बजावलं, "भाऊसाहेब, पालकांना कळेल असं लिहा. तक्रारी आल्या तर संस्था क्लार्कची बदली करणार आहे. डाळजची जागा मोकळीच आहे." भाऊसाहेबांना बदली परवडणारी नव्हती. घर सणसरला, आई अंथरुणाला खिळलेली, दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन तिला दोन घास भरवायचे ते स्वतः. डाळजला गेलं तर दुपारचं ते राहिलंच.

मग त्यांनी पत्र लिहायला घेतलं आणि पहिल्यांदाच लोकांचा विचार केला. इथंच चुकलं. टेबलावर पडलेल्या, घरच्या उसाच्या नोंदीच्या चिठ्ठीकडं बघून त्यांना एकदम सुचलं, आणि त्यांनी लिहिलं: 'ज्याप्रमाणे आपण कारखान्याकडे उसाची नोंद करता व त्या नोंदीत आपला गट, लागणीचा हंगाम व नोंद क्रमांक असतो, त्याचप्रमाणे आपल्या पाल्याचा प्रवेश क्रमांक समजावा.' ते वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. खूश होऊन पंख्याखाली बसले. पत्र पोरांच्या दप्तरातून घरोघर गेलं आणि पालकांच्या ग्रुपवर फोटोही पडला.

अन् काय सांगावं, लोकांनी ते वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. पारावर बसून एकानं मोठ्यानं वाचलं आणि बाकीच्यांनी ऐकलं.

आता या भागात उसाची नोंद म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नोंद आधी तर तोड आधी. ज्याची लागण उशिराची त्याचा ऊस उन्हाळ्यापर्यंत रानात वाळतो. नोंद कुणी हौसेनं करत नाही, तोडीसाठीच करतात. मग शाळेनं पोरांची नोंद लागणीच्या वर्षासकट कशाला घेतली? त्याअर्थी तोड आहे. कशाची, ते भाऊसाहेबांना माहीत. सांगत नाहीत, म्हणजे मोठंच असणार.

सकाळी ऑफिसच्या दारात पहिले उभे दादासो. चांगली बागायत, तोंड फटकळ. "भाऊसाहेब, आमच्या रविराजला चोवीस कसं टाकलं? त्यो पहिलीपासनं हितं व्हता."

"मधी त्याला बारामतीच्या शाळेत घातला होता की नाही? दाखला नेला, जुना नंबर बंद झाला. परत आला चोवीसला, म्हणून नवा नंबर."

"म्हंजी माझ्या पोराचा खोडवा धरला व्हय?"

खोडवा म्हणजे तोडलेल्या बुडख्यातनं पुन्हा फुटलेला ऊस. भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. ते म्हणाले, "तसं काही न्हाय हो." पण दादासोंना कारखान्याच्या चिटबॉयनं, म्हणजे उसाच्या नोंदी घेणाऱ्यानं, आजवर कधी 'तसं काही हाय' म्हटलेलं नव्हतं. ते समजूतदारपणे हसले. दुपारी भाऊसाहेबांच्या टेबलावर पेरूची पिशवी आली.

भाऊसाहेबांनी ती परत पाठवली. मात्र दुसऱ्या दिवशी बसस्टँडवर त्यांना बघून चौघं उठून उभी राहिली. चहाच्या टपरीवर पैसे घेतले नाहीत. ज्या गावानं त्यांना वीस वर्षं लांबूनच 'ओ भाऊसाहेब' म्हणून हाक मारली, ते गाव 'या भाऊसाहेब, बसा' म्हणायला लागलं. बाविसवाले आई-बाप ताठ मानेनं चालायचे, तेविसवाले त्यांच्याकडं तिरकं बघायचे. जानेवारीत प्रवेश घेऊन बावीस आकडा पटकावलेल्या एकानं पेढे वाटले. बसचा नंबर आहे म्हणे. कुणी म्हणे वसतिगृहाचा. कुणी म्हणे दहावीच्या परीक्षेला बसायचाच नंबर आता असा लागणार.

हे सगळं एका पत्रात खोडता आलं असतं. मॅडम म्हणाल्याही, "खुलासा काढा." भाऊसाहेब म्हणाले, काढतो. आणि काढला नाही. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं. लोक नमस्कार करत होते, आणि नमस्कार काही फुकट मिळत नाही. एक दिवस, अजून एक दिवस, असं करत आठवडा गेला.

मग सरुबाई आल्या. म्हातारी मजुरीला जाणारी, आईबापाविना राहिलेल्या नातीला, छकुलीला, सांभाळणारी. छकुली गेल्या जूनमध्ये सातवीत दाखल झाली, म्हणजे पंचवीस. आजीच्या मागं गळ्यातलं ओळखपत्र मुठीत धरून उभी होती.

"भाऊसाहेब, पोरीचा दाखला द्या."

"का हो आजी?"

"आमची लागण उशिराची. आदी बाविसवाली, मग तेविसवाली, आमचा नंबर येईस्तवर पोरगी लगनाची व्हईल. तिचा मामा डाळजला हाय, शेरडं सांभाळाया पोरगी पाठव म्हंतोय. हितं बसून तरी काय करायचं?"

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मनापासून सांगितलं, अगदी हात जोडून सांगितलं. नंबर कशाचाच नाही, तोड नाही, दहावीला सगळी पोरं एकदमच बसतात. सरुबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुमास्नी असंच सांगावं लागत असंल. वरनं हुकूम असतो. मला म्हातारीला कशाला फसवता?"

त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांनी खुलाशाचं पत्र काढलं. पालकांनी तेही वाचलं. दादासो पारावर म्हणाले, "बघा, नंबर न्हाय असं लिवून द्यायची पाळी आली. म्हंजी आत काहीतरी शिजतंय." दोन दिवसांत पेरूच्या पिशव्या दुप्पट झाल्या.

सरुबाई पुन्हा दारात. छकुलीचे डोळे रडून सुजलेले. दाखला मागितला तर अडवून धरता येत नाही, हे भाऊसाहेबांना ठाऊक होतं. त्यांनी मान खाली घातली. मग इकडंतिकडं बघून खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हणाले, "आजी, कुणाला बोलू नका. छकुलीचा नंबर मी पुढं घेतलाय. पोरीला शाळेतनं काढू नका, न्हायतर जाईल."

म्हातारीनं त्यांचे पाय धरले. तिथल्या तिथं ते जमिनीत गेले असते तर बरं, असं त्यांना झालं. छकुली मात्र दप्तर सावरत पळतच वर्गात गेली.

कुणाला बोलू नका म्हटलेलं गावात किती टिकतं! चार दिवसांत दादासोंनी सह्यांचा अर्ज संस्थेकडं धाडला: पंचवीसची लागण चोवीसच्या आधी घेतली, क्लार्कनं वशिला चालवला, सबब कारवाई व्हावी.

संस्थेचे सचिव आले. कॉम्प्युटर उघडला. एसएन-२५, मागं छकुलीचा रजिस्टर नंबर, जिथल्या तिथं. सचिवांनी डोकं खाजवलं. "इथं तर काहीच बदललेलं नाही. नंबराला पुढं-मागं असतंच कुठं? जोतीराम, तुम्ही म्हातारीला खरंच असं सांगितलं का? नाही म्हणा, मी अर्ज फाडून टाकतो."

राजलक्ष्मी मॅडमनी खूण केली, नाही म्हणा. बाहेर व्हरांड्यात दादासो बसले होते, अर्जावर सह्या करणारे बसले होते आणि दारालाच टेकून साक्षीला बोलावलेल्या सरुबाई बसल्या होत्या. आतलं बोलणं सगळं बाहेर ऐकू येत होतं. भाऊसाहेबांना आईचं दुपारचं ताट दिसलं. 'नाही' म्हटलं की ते ताट वाचत होतं. आणि 'नाही' म्हटलं की म्हातारी उठणार, वर्गात जाणार आणि पोरीला हाताला धरून डाळजच्या गाडीत बसवणार.

"व्हय साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "मी सांगितलं. पुढं घेतलाय."

सचिवांनी कॉम्प्युटरातला नंबर पुन्हा एकदा बघितला. जो नंबर हलत नाही तो हलवल्याबद्दल कुणाला शिक्षा द्यायची, असा नियम संस्थेकडं नव्हता. पण अर्जावर सह्या होत्या आणि कबुली होती. बदलीचा कागद तिथंच टाइप झाला, डाळजचा. शिवाय छकुलीचा नंबर 'पूर्ववत करण्यात आला' अशी एक ओळ घातली, पण ती मॅडमनी सचिवांना गोड बोलून काढायला लावली. दादासोंचं समाधान झालं. ते म्हणाले, न्याय अजून हाय.

कौसल्येनं ऐकलं आणि सासूचं दुपारचं ताट आपल्याकडं घेतलं. "म्हातारी माझ्या हातनं जेवत न्हाय, शिव्या देती," एवढंच बोलली, आणि डोळे पुसत चुलीकडं वळली.

शेवटच्या दिवशी ते ऑफिसच्या किल्ल्या देऊन बाहेर पडले तर फाटकाशी सरुबाई.

"भाऊसाहेब, तुमी चालला. मग आमच्या पोरीचा नंबर?"

"ऱ्हातोय, आजी."

"नव्या मान्सानं हलीवला तर?"

"कुणाच्या बापाला हलवता यायचा न्हाय. शाळा सोडंस्तवर त्योच."

सगळ्या पत्रांत मिळून त्यांनी हेच लिहिलं होतं. सरुबाईंना आत्ता पटलं. मान हलवून त्या फाटकाच्या सावलीत टेकल्या आणि शाळा सुटायची वाट बघत बसल्या.