बिल्टी सुटेपर्यंत

ते वाक्य मी आधी आईसमोर म्हणून बघितलं. आई भाकरी थापत होती. मी ओट्याला टेकून म्हटलं, "फाइल तयार आहे. पैसे खात्यात जमा झाले की लगेच देते." आई मान वर न करता म्हणाली, "लाइटबिलवाला परवडला, तो निदान आधी पाणी मागतो." मग मी जरा गोड आवाजात म्हटलं, तर म्हणे, "आता उसनं मागायला आल्यासारखी वाटतेस." तिसऱ्यांदा मी चिडूनच म्हटलं. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं.

मी टॉवेल आणि चादरींची डिझाइनं करते. सोलापुरात हे सांगितलं की फार समजावावं लागत नाही, बाहेरगावी मात्र लोकांना वाटतं मी कापडावर फुलं रंगवते. चित्र कॉम्प्युटरवर घ्यायचं, त्याचा एकेक ठिपका मागावरच्या धाग्यांशी जुळवायचा, कुठला धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते ठरवायचं, असं हे काम. ती फाइल पेनड्राइव्हवरून मागावरच्या जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राला, दिली की नक्षी उतरायला लागते. पूर्वी यासाठी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा असायच्या. माळ उचलून नेली की माल गेला हे डोळ्यांना दिसायचं. फाइलला ना वजन ना आकार. एकदा दिली की आपल्या हातात काही उरत नाही, आणि पुढे फोन उचलायचा की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर असतं.

हे मला कॉलेजातल्या एका मैत्रिणीमुळे कळलं. तिनं टॉवेलचा स्वतःचा धंदा काढला, मी तिला सगळ्या फाइली शब्दावर दिल्या. मैत्रिणीला कोण अडवतं? पैसे आले नाहीत. मी आधी आठवण केली, मग थट्टेत विचारलं, मग विचारणंच सोडलं. एका लग्नात आम्ही दोघी मांडवाच्या दोन टोकांना बसून जेवलो आणि एकमेकींना न बघता निघालो. रक्कम काही फार मोठी नव्हती.

तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला मी पहिल्याच दिवशी सांगते: निम्मे आधी, निम्मे नमुना पसंत पडल्यावर, आणि ते जमा झाले की फाइल. पहिल्या दिवशी सांगितलं की कुणाला काही वाटत नाही. लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात.

अडचण होती ती आण्णांची. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा या माणसानं पहिलं काम दिलं होतं. त्यांना मी कधी अट घातलीच नाही. आण्णा पैसे बुडवत नाहीत, पण 'देऊ की, पळून चाललो व्हय?' असं म्हणत महिनेच्या महिने काढतात. मागच्या दोन कामांचे पैसे तर इतके रखडले की आण्णांचा फोन आला की मी तो वाजू द्यायला लागले. एकदा स्क्रीनवर त्यांचं नाव बघून माझ्या तोंडून शिवी गेली. मला माझीच लाज वाटली. ज्या माणसाच्या घरी मी दिवाळीला हक्कानं जाते, तो मला नकोसा व्हायला लागला होता. अशीच मैत्रीण गेली होती, आणि आण्णांना मला घालवायचं नव्हतं. त्यांनाही सगळ्यांसारखंच सांगायचं, असं मी ठरवलं. चूक एवढीच, की ठरवलं तेव्हा काम संपत आलं होतं.

काम होतं डाळिंबाच्या किनारीचं. मोठा टॉवेल, हात पुसायचा आणि नॅपकिन, अशा तीन मापांच्या तीन फाइली. नमुने विणून झाले होते. नमुना काढताना मी स्वतः मागाजवळ उभी राहते आणि निघताना मशिनमधली फाइल पुसते, ही माझी नेहमीची रीत, आण्णांनाही ती माहीत होती. त्या दिवशी ऑफिसात टेबलावर तिन्ही नमुने पसरलेले. आण्णा डाळिंबाच्या दाण्यांवरून अंगठा फिरवत होते. शेजारच्या टेबलावर दिवाणजी पाकिटं चिकटवत होते.

"झ्याक जमलंय," आण्णा म्हणाले. "गिऱ्हाइकालाबी पसंत हाय. आता फाइल दे, तीन माग मोकळे ठेवलेत."

मी वाक्य म्हटलं. तीन दिवस घासूनपुसून ठेवलेलं वाक्य तोंडातून असं भरकन बाहेर पडलं की शेवटचे शब्द मलाच नीट ऐकू आले नाहीत. "फाइल तयार आहे आण्णा, या कामाचे पैसे खात्यात जमा झाले की लगेच देते."

आण्णांचा अंगठा थांबला. "म्हंजे?"

"म्हणजे पैसे आले की फाइल. आता सगळ्यांना तसंच आहे."

"सगळ्यांना असंल. मी सगळ्यात व्हय?" ते चिडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. पण त्यांचा आवाज खाली गेला. "एवढ्या वर्षांनी माझ्यावर इश्वास न्हाय म्हण की."

दिवाणजींनी पाकीट चिकटवायचं थांबवलं. माझे कान तापले. विश्वास आहे म्हणावं तर फाइल द्यावी लागणार, नाही म्हणावं तर उठून जावं लागणार. मी दिवाणजींच्या हातातल्या पाकिटाकडे बघत बसले. त्यावर बँकेचा पत्ता होता.

"दिवाणजी, हे काय आहे?" मी विचारलं.

"नागपूरच्या पार्टीची बिल्टी," ते म्हणाले. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती. ती दाखवल्याशिवाय गोदामातून माल सुटत नाही.

"मग ती पार्टीला का नाही पाठवत?"

उत्तर आण्णांनी दिलं, लहान पोराला सांगावं तसं. "आगं, बँकेतनं जाती ती. पार्टी बँकेत पैसे भरती, बँक बिल्टी हातात देती, मग तिकडं मालाच्या गाठी सुटत्यात. जुनी पद्धत हाय."

"नागपूरवाले नवीन आहेत का?"

"नवीन कशाचे? त्यांच्या बापापासनं माल जातो आपला."

"मग त्यांच्यावर विश्वास नाही तुमचा?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. दिवाणजींनी चष्मा काढून पुसायला घेतला, तो स्वच्छच होता.

"आण्णा, माझा माल तयार आहे," मी म्हटलं, आणि या वेळी घाई केली नाही. "तुमच्यासाठीच विणलाय, दुसऱ्या कुणाला जाणार नाही. फक्त बिल्टी बँकेत आहे. आणि मला बँक परवडत नाही, म्हणून बँकही मीच. हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं, ते राहिलं माझ्याकडून."

आण्णा उठले आणि कारखान्यात गेले. दार उघडलं तेव्हा मागांचा आवाज आत आला, दार मिटल्यावर गेला. मी पर्स उचलावी की नाही याचा विचार करत होते. दिवाणजी म्हणाले, "बसा हो." थोड्या वेळानं आण्णा परत आले, खुर्चीत बसले आणि दिवाणजींना म्हणाले, "हिची बिल्टी सोडवा."

इतकी वर्षं मला चेकनं पैसे मिळायचे, त्यामुळे दिवाणजींना माझं खातं नव्यानं जोडावं लागलं. नवं खातं जोडलं की बँक जरा वेळ लावते, मगच पैसे पाठवू देते. त्यांनी माझ्या खात्याचा नंबर मोठ्यानं दोनदा वाचून घेतला, आणि वेळ झाल्यावर कॉम्प्युटरवरून पैसे पाठवले. "टाकले," ते म्हणाले. पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. आण्णांनी पर्सकडे बघितलं, मीही बघितलं. टाकले आणि आले यांत जो वेळ जातो तोच खरा अवघड. द्यावा का, असं मला दोनदा वाटलं. मग आण्णाच म्हणाले, "र्‍हाऊ दे. आल्यावर दे. जेवलीस का?"

त्यांच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही होतं. भाकरी मोडता मोडता त्यांनी आपल्या साडूची गोष्ट सांगितली. साडूचं लातूरकडे दुकान होतं. घरचा माणूस म्हणून आण्णांनी त्याचा माल बँकेतून न पाठवता सरळ पाठवला. दुकान बसलं, पैसे अडकले. साडू तोंड चुकवायला लागला, आण्णा बोलून दाखवायला लागले. "पैशाचं काय न्हाय," आण्णा म्हणाले. "तेवढा पुढं कमवला. पण आमी दोघं मिळून दर सालाला गाणगापूरला जायचो. लई हसवायचा गडी. तो गेला तवा मला चार दिवसांनी कळलं." त्यांनी दह्याची वाटी माझ्याकडे सरकवली. माझ्या डोळ्यांपुढे मैत्रिणीचं तोंड आलं.

फोन वाजला. पैसे जमा झाल्याचा मेसेज होता. मी तो दाखवायला गेले तर आण्णा म्हणाले, "मला काय दावतीस, मागाला दाव." आम्ही आत गेलो. पेनड्राइव्ह लावून तिन्ही फाइली दिल्या, आणि पहिल्या मागावर डाळिंब खालून वर यायला लागलं. त्या आवाजात बोलून काही ऐकू येत नाही, म्हणून आण्णांनी नुसती माझ्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतर आण्णांचा फोन मी पहिल्या रिंगला उचलते. नवं काम आलं की ते निम्मे पैसे न मागता पाठवतात आणि वर टोमणा मारतात, "बँकेत भरलेत बाई, मॅनेजरला सांगा."

मध्यंतरी असाच फोन आला. मला वाटलं नवं डिझाइन असेल. "त्या दिवशी मला काय म्हणाली हुतीस ते परत सांग," आण्णा म्हणाले. अक्कलकोटला त्यांच्या भाच्यानं टॉवेलचं दुकान टाकलं होतं आणि त्याला माल आत्ता हवा होता, पैसे तो नंतर देणार होता. "मी सांगाय गेलो तर माझं तोंड फाटकं. पोरगं दुखावंल. तू कसं म्हणालीस, तसं सांग."

मी सांगितलं. माल तयार आहे. तुझ्यासाठीच काढून ठेवलाय, दुसऱ्या कुणाला जाणार नाही. पैसे जमा झाले की लगेच गाडीत चढवतो. आण्णांनी ते दोनदा माझ्याकडून म्हणून घेतलं. "थांब, ठेवू नको," म्हणत त्यांनी दुसऱ्या फोनवरून भाच्याला लावला आणि ते त्यांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये, बोलायला लागले. मला कन्नड येत नाही. मला 'बँक' कळलं, 'बिल्टी' कळलं. ते एकदा अडखळले, एकदा थांबले. मी इकडे फोन कानाला घट्ट लावून उभी होते. मग पलीकडचा भाचा हसल्याचं ऐकू आलं, आणि त्याच्यामागोमाग आण्णाही.

ते परत माझ्या फोनवर आले.

"बराय म्हणाला," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात माझ्यासंगं गाणगापूरला येतो म्हणतोय."