मनवाचा दम का तुटायचा

मायाताई सुर्वे नायगावला मुलींना कबड्डी शिकवतात. दिवसा विमा कंपनीतली नोकरी, संध्याकाळी मैदान. शिट्टी गळ्यात असते, पण आवाज पुरत असल्यामुळे ती फारशी वाजत नाही. मी त्यांच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार, त्यामुळे त्यांना बरीच वर्षं पाहतो आहे. पुढचा प्रसंग मनवा आता स्वतःच नव्या मुलींना हसत सांगते, म्हणून लिहायला हरकत नाही.

मनवा तेव्हा बारा वर्षांची होती. चढाईत तिच्यासारखी चपळ दुसरी कुणी नव्हती. पण स्पर्धेच्या तोंडावर तिचा दम मध्येच तुटू लागला. 'कबड्डी, कबड्डी' म्हणता म्हणता ती थांबायची. शिवाय स्वतःच्याच पायात अडखळायची. संघातली जागा जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

"काय गं, जेवतेस ना?" मायाताईंनी विचारलं.

"हो ताई."

त्यांनी पाठीवर थाप मारली, तर हाताला जर्सीखाली काहीतरी घट्ट लागलं. त्या मनवाला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन गेल्या. मुरगळलेल्या पायाला बांधायचं क्रेप बँडेज तिने छातीभोवती आवळलं होतं.

"एक बाजू मोठी आहे, ताई," ती रडवेली झाली. "जर्सीत दिसतं. मला काहीतरी झालंय."

"झालंय ते इतकंच, की तू मोठी होते आहेस. सोड ते आधी. श्वास घ्यायला छाती फुलायला नको?" मायाताई म्हणाल्या. "एक स्तन आधी वाढायला लागतो, दुसरा मागून येतो. कधी महिने लागतात, कधी जास्त. पुढेही थोडा फरक बहुतेकींना राहतो. स्तनाग्राखालची सुरुवातीची गाठ सोडून दुसरी गाठ लागली, दुखत राहिलं किंवा फरक फारच वाढला, तर डॉक्टरांना दाखवू. तोवर खेळायची ब्रा घाल, आईशी मी बोलते."

"आणि पाय?"

"आधी पावलं लांबतात, मग पाय, धड सगळ्यात शेवटी. अंदाज चुकणारच. पाळी यायच्या आधी मुली सर्वात झपाट्याने वाढतात. मुलगे साधारण दोन वर्षांनी. म्हणून तुझ्या वर्गातला तो अनिश तुझ्या खांद्याला लागतो!"

मनवा हसली. मायाताईंनी दार उघडून सगळ्यांना आत बोलावलं आणि तिचं नाव न घेता तेच पुन्हा सांगितलं.

"साखळी धरताना अक्षताच्या काखेचा वास येतो," एक जण बोलून गेली.

"तुझ्या काय अत्तराचा येतो?" अक्षता उसळली.

"ए, गप्प! या वयात काखेतल्या नव्या ग्रंथी कामाला लागतात. त्या घामावर त्वचेवरचे जंतू जगतात, त्याचा हा वास. रोज साबणाने अंघोळ, धुतलेली जर्सी, हवं तर डिओडरंट. आणि कालची ओली जर्सी पिशवीत कोंबून आणलीत, तर मीच साखळी सोडून पळेन."

हसू थांबल्यावर अक्षताने हात वर केला. "ताई, ते एका बाजूचं... माझी डावी मोठी आहे."

"माझी उजवी!" मागून कुणीतरी म्हणालं.

मनवाने बँडेजची गुंडाळी करून मायाताईंच्या हातात दिली. मैदानावर तिने चढाई घेतली. अडखळली, अक्षताच्या तावडीत सापडली आणि तिला ओढत मध्यरेषेपर्यंत गेली. हात टेकला तेव्हाही तिचं 'कबड्डी, कबड्डी' चालूच होतं.

"पुरे, बाई, पोचलीस!" मायाताई ओरडल्या.