खसखस

परदेशी निघालेल्या फराळाच्या खोक्यावरचा कस्टम्सचा कागद तुम्ही कधी वाचलाय? मी तो दोन वर्षं लिहीत होते, आणि आज स्वतःच्याच अक्षराची किळस येते.

दोन हजारनंतरची ती वर्षं. नाशकात आमच्या शेजारच्या वहिनींनी फराळ विकायची वेबसाइट काढली होती; परदेशी खोक्यांचे कागद मी भरायचे. वर मथळा, ‘आमच्या आजीच्या हातची चव’. फोटोतली आजी कोणाची, देव जाणे. फराळ आणि काळा मसाला करायच्या त्या पंचवटीतल्या मावशी. त्यांचा फोटो कुठेच नव्हता. चळवळीतल्या घरात मी पत्रकं वाचत, वाटत वाढलेली. तरीही विकलेल्या मालाच्या कागदावर मुकाट ‘भेट, घरगुती खाऊ’ लिहायचे.

त्या दिवाळीत दुबईहून ऑर्डर आली. नर्स होती, नुकतीच नोकरीला लागलेली. पाच किलोच्या आत बसेल एवढं सगळं हवं होतं, अनारसेसुद्धा. कुरिअरवाल्याने यादी पाहिली आणि म्हणाला, “ताई, अनारशाला खसखस असते. तिकडे ती अफूत धरतात. घेणारा आत जातो.”

मी धावत वहिनींकडे गेले. त्या पिशव्यांना सील मारत होत्या.

“तांदळाची बिस्किटं लिही,” त्या म्हणाल्या.

“आणि ती मुलगी पकडली गेली तर?”

“एवढ्याशा बियांनी कोण पकडतंय! तू ना, भाषणं नको देऊस.”

मावशी परात घेऊन आत आल्या होत्या. खसखशीविना अनारसा म्हणजे धिरडं, असं ऐकवणारी ही बाई. त्यांनी खोकं ओढलं, सुरीने चिकटपट्टी कापली आणि अनारशांचा डबा बाहेर काढला.

“मावशी, अहो, पॅक झालेला माल!” वहिनी ओरडल्या.

“पोरीला जेलात घालता व्हय माझ्या हातच्या खाण्यापायी?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आन् मसाला गं? त्यातबी भाजून घातलीय की मी.”

महिन्यापूर्वी त्याच मुलीला अर्धा किलो काळा मसाला गेला होता. कागदावर ‘मसाला’ असं मीच लिहिलं होतं. आत काय दळलंय, हे मी विचारलंच नव्हतं.

“दळल्यावर काय कळतंय?” वहिनी म्हणाल्या, आणि पुढची पिशवी सीलला लावली.

मी तिथेच बसून मुलीला ईमेल केला. रात्रभर उत्तर नव्हतं. सकाळी आलं: ‘सगळा संडासात ओतला. बरणी तीनदा धुतली, वास जात नाही. ताई, आधी का नाही सांगितलंत?’

खोकं अनारसे आणि मसाल्याविना, खऱ्या यादीसह गेलं. त्यानंतर मी वहिनींच्या कामाला गेले नाही. वेबसाइटवरची आजी मात्र बरेच दिवस हसत राहिली.

तुमचं कोणी आखातात असेल, तर खोकं बांधण्याआधी मसाला करणाऱ्या बाईला विचारा, आत काय काय घातलंय. खसखस म्हणाली, तर तो पुडा घरीच ठेवा.