सारांशाचा सारांश

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, माझ्याशी चार महिने एक शब्द बोलले नाहीत. माझ्याशी न बोलणं ही आमच्या घरात फार मोठी शिक्षा समजली जात नाही. उलट बायको म्हणाली, "त्यांना विचारा, कसं जमलं."

दाजी निवृत्त हिंदी शिक्षक. मी नगरला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवतो. पाटीवर 'इंग्रजी, हिंदी, मराठी भाषांतर करून मिळेल' असं लिहिलंय. त्यातलं 'करून' जरा मोठ्या अक्षरात आलंय, पेंटरची कृपा.

पारनेर तालुक्यात सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना आहे. डाळिंबाचे दाणे काढून, गोठवून परदेशी पाठवतात. कामगार बरेचसे उत्तर प्रदेशातले, राहायला कारखान्याच्याच आवारातल्या खोल्यांत. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीनं अट घातली: कामगारांशी केलेल्या इंग्रजी कराराचा दोन पानी सारांश त्यांना हिंदीत द्या, आणि हिंदीत काही गळलं, काही वाढलं का ते तपासून घ्या. तपासायची रीत अशी की एकानं इंग्रजीचं हिंदी करायचं. दुसऱ्यानं मूळ इंग्रजी न बघता, फक्त हिंदीवरून परत इंग्रजी करायचं. मग दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची. फरक पडला की चूक हिंदीत आहे का ते बघायचं.

हिंदी करायला मी दाजींचं नाव सुचवलं. परत इंग्रजी करायला मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं. मेहुणा पेपर काढणार आणि मी तपासणार, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच.

साहेबांनी पाकिटात हिंदी कागद घातला आणि वर, "मूळ इंग्रजीपण जोडलंय, तुम्हाला मदत होईल," असं म्हणाले. मदत नाकारणं मला जन्मात जमलेलं नाही. हिंदीवरून इंग्रजी लिहिताना अडलं की डोळा मूळ कागदाकडे जायचा. नाही अडलं तरी जायचा. माझं इंग्रजी इतकं झोकदार उतरत होतं की मीच दोनदा मोठ्यानं वाचून बघितलं. शेवटी 'हे भाषांतर मूळ मजकूर न पाहता केले आहे' अशा छापील ओळीखाली सही ठोकली. दुकानात रोज इतक्या प्रतिज्ञापत्रांवर लोकांच्या सह्या घेतो, की सहीच्या वरचं वाचायची सवयच राहिली नव्हती.

दोन्ही इंग्रजी कागद तंतोतंत जुळले. साहेब खूश, दाजी खूश. दाजी फोनवर म्हणाले, "तीस वर्षं शिकवलंय बाबा, उगाच नाही."

सह्यांच्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये पंचवीसतीस कामगार बसले होते. साहेबांनी आम्हा दोघांना कौतुकानं पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. हिंदी कागद वाटले. पेनं वाटली. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक बाई उभी राहिली. दाणे काढायच्या लाईनवर काम करायची. ती लाईन महिनाअखेर बंद होणार आहे, हे सगळ्यांना माहीत होतं.

"साहब, कंपनी हमें निकालेगी, तो कमरा कितने दिन?"

साहेब म्हणाले, "चौदा दिन. लिखा है."

"कहाँ लिखा है?"

आता इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी तपासनीस! मी उठून, हसून, आपल्या नगरी हिंदीत सांगितलं, "बहनजी, पूरा लिखा है. ध्यान से पढ़ो."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की माझी खुर्ची मला आठवली. "पढ़ा है, इसीलिए पूछ रही हूँ. पहली तारीख से मेरी बेटी का इम्तिहान है, दस दिन का. आप पढ़िए, ज़ोर से."

मी माझं इंग्रजी भाषांतर काढलं. त्यात स्वच्छ होतं: कामगार काम सोडो किंवा कंपनी त्याला काढो, कामगार आणि त्याचं कुटुंब पुढचे चौदा दिवस खोलीत राहू शकतं.

"अंग्रेज़ी नहीं," ती म्हणाली. "जिस पर दस्तख़त करवा रहे हैं, वो पढ़िए."

मी हिंदी कागद घेतला. बोट ठेवून वाचलं. "काम छोड़ने वाला कर्मचारी व्यवस्थापक की अनुमति से चौदह दिन तक कमरे में रह सकता है." बोट परत मागं नेलं. ओळीत कंपनीनं काढल्याचं नाव नव्हतं. कुटुंब नव्हतं. आणि मॅनेजरची परवानगी, जी मूळ इंग्रजीत कुठंच नव्हती, ती मात्र ऐटीत बसली होती.

"हम कहाँ छोड़ रहे हैं?" ती म्हणाली. "छुड़ा तो आप रहे हैं."

कँटीनमध्ये कालवा झाला. साहेबांनी हात वर केला. "अरे, शेवटी लिहिलंय ना, फरक पडल्यास इंग्रजी करारच ग्राह्य धरला जाईल. मग हिंदीत असलं काय, नसलं काय!"

हे बाईला कोणीतरी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, "तो गेट पर अंग्रेज़ी कौन पढ़ेगा?"

दारात गेटवरचा वॉचमन उभा होता, पारनेरकडचाच. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, तर तो म्हणाला, "साहेब, मला तर हेच कागद दिल्यात. ह्यात जे हाय तेच मी बगनार. काढल्यालं मानूस ह्यात न्हाई, तर दुसऱ्या दिशी खोली मोकळी करून घ्यायची, असं मी समजून बसलोय."

साहेब माझ्याकडे वळले. आवाज खाली, त्यामुळे जास्त भीती वाटली. "हिंदीत नव्हतं, तर तुमच्या इंग्रजीत कुठून आलं?"

मी घसा साफ केला. तो साफच होता. "मी मूळ बघितलं होतं," मी म्हणालो. "हिंदीत जे नव्हतं, ते माझ्या हातानं आपसूक भरलं गेलं."

"आणि ही सही?"

"ती माझीच आहे."

दाजी एवढा वेळ ताठ बसले होते. ते उठले. "म्हणजे माझी हिंदी चुकली नाही. तुझी कॉपी पकडली गेली!"

"दाजी, दोन्ही झालंय."

"मला हिंदी शिकवतोस? दुकानात रबरी शिक्के विकणारा तू?"

साहेब म्हणाले, "सर, भांडण घरी. उद्या सकाळी दहापर्यंत मला खरी तपासणी हवी. नाहीतर खरेदीदाराला मी दोघांची नावं कळवतो." आणि कामगारांकडे वळून, "आज सह्या नाहीत."

घरी येऊन बायकोला विनवलं. ती शाळेत विज्ञान शिकवते, हिंदी चांगली आहे, आणि मुख्य म्हणजे कोणाची चूक झाकायची तिला सवय नाही. तिला फक्त हिंदी कागद दिला. मूळ इंग्रजी मी कपाटात ठेवून किल्ली तिच्याच हवाली केली.

"सुंदर लिहू नकोस," मी सांगितलं. "जे दिसतंय तेच लिही. खटकलं तरी सुधारू नकोस."

"तुमच्याशी संसार करून ती सवय झालीय," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चौघं बसलो. बायको, मी, साहेब आणि पाठ फिरवून बसलेले दाजी. बायकोचं इंग्रजी दगडगोट्यांसारखं होतं, पण प्रत्येक ओळ हिंदीच्या मापाची. सातवी ओळ आली. तिच्या इंग्रजीत लिहिलं होतं: काम सोडणारा कामगार मॅनेजरच्या परवानगीनं चौदा दिवस राहू शकतो. शेजारी मूळ ठेवलं. आंधळ्यालाही दिसावं इतकं अंतर. साहेबांनी लाल पेनानं तीन खुणा केल्या: दोन गळलेलं, एक वाढलेलं.

नवव्या ओळीत आणखी एक फरक निघाला. मूळ इंग्रजीत 'विश्रांतीची खोली' होती, बायकोच्या इंग्रजीत ते 'विश्रामगृह' झालं होतं. दाजी गर्रकन वळले. "हे? हेही माझंच?"

हिंदी बघितलं. 'विश्राम कक्ष' लिहिलेलं, बरोबर. "ही चूक माझी," बायको म्हणाली. "हिंदी ठीक आहे. इथं काही बदलू नका."

दाजींना पकडायला काही उरलं नाही, त्यामुळे ते जास्त चिडले. साहेबांनी सरळ विचारलं, "सर, सातव्या ओळीतलं का गाळलं?"

"गाळलं नाही. सारांश केला." दाजींचा आवाज वर्गातला झाला. "मुलांना तीस वर्षं सांगितलं, एक तृतीयांश करा, पाल्हाळ काढा. 'कामगार सोडो किंवा कंपनी काढो', हा पाल्हाळ नाही? आणि कामगारांना द्यायच्या कागदात काढून टाकायची भाषा कशाला, अशुभ?"

"सर, तो आधीच सारांश होता," साहेब म्हणाले. "तुम्ही सारांशाचा सारांश केलात."

"आणि परवानगी?" साहेबांनीच पुढं विचारलं.

"कोणाच्या जागेत विचारल्याशिवाय राहतात का? एवढी रीत लिहायला नको?"

"रीत तुमची, दाजी," मी म्हणालो. "करार त्यांचा."

"तू बोलू नकोस! तुझ्या सहीनं त्या पोरीचं बिऱ्हाड रस्त्यावर येणार होतं, माझ्या हिंदीनं नव्हे. माझी चूक तुला दिसली असती, तर मी तिथंच दुरुस्त केली असती. तू ती माझ्यापासूनच लपवलीस!"

मी कोरा कागद दाजींपुढं सरकवला.

वाक्य मात्र दाजींनीच परत लिहिलं. रागानं, पेन कागदात रुतवत. "कर्मचारी काम छोड़े या कंपनी उसे निकाले, दोनों हालत में कर्मचारी और उसका परिवार चौदह दिन तक कमरे में रह सकते हैं." बायकोनं मूळ बघितलेलं, त्यामुळे ती आता बाद. साहेबांनी पुण्याला कोणा अनोळखी बाईंना फक्त हिंदी पाठवलं. संध्याकाळी त्यांचं इंग्रजी आलं. सातवी ओळ मूळ ओळीला धरून होती.

दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. त्या बाईनं कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला, सातव्या ओळीवर थांबली, आणि सही करताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "परसों यही लिख देते तो क्या जाता?" आभार मानले असते तर मला जास्त अवघड गेलं असतं. साहेबांनी मला निरोप देताना चहाही विचारला नाही. त्या कारखान्याचं काम नंतर आलं नाही.

दाजी त्या दिवशी माझ्या गाडीत बसले नाहीत. सुप्याहून एसटीनं नगरला गेले. त्यानंतर सण आले, भाचीचा वाढदिवस आला. ताटावर माझ्या समोर बसून ते बहिणीला म्हणायचे, "मीठ पाठव म्हणावं तिकडून."

चार महिन्यांनी सुप्याच्या स्टँडवर तो वॉचमन भेटला. मी त्या बाईचं विचारलं. लाईन महिनाअखेर बंदच झाली होती. "राह्यल्या की," तो म्हणाला. "दारावर आतनं कागद चिकटवल्याला हुता. कोनी इचारलं की बोट दाखवायच्या. पोरीचे पेपर झाले, बाराव्या दिशी कुलूप लावून किल्ली दिली मला."

रविवारी ताईकडे गेलो. दाजी पेपरमागं होते. मी भिंतीला सांगावं तसं सांगितलं, की त्या बाईच्या मुलीची परीक्षा पूर्ण झाली, तोवर खोली सुटली नाही.

पेपर हलला. "किती दिवस राहिली?"

"बारा."

दाजींनी पेपर खाली न घेता पान उलटलं. "मग दोन दिवस पाल्हाळच होता."